सप्लायरचा खातेउतारा आणि आपलं लेजर दर तिमाहीला जुळत नाही: फरक कुठे आणि कसा शोधायचा

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी खरेदीचे हिशोब बघते. चिंचवडच्या एका स्टील सप्लायरकडून आमच्याकडे ब्राइट बार येतात. तिमाही संपली की त्यांचा खातेउतारा मेलवर येतो आणि सोबत एक ओळ असते: बॅलन्स कन्फर्म करून पाठवा. सप्टेंबर २०२५ अखेर त्यांच्या उताऱ्यावर आमच्याकडून येणे होते ५,०६,३२० रुपये. आमच्या टॅलीत त्यांची जमा बाकी होती ३,१२,४८०. फरक १,९३,८४० रुपयांचा. जूनअखेरही जुळलं नव्हतं, पण तेव्हा आमच्याकडची बाकी त्यांच्यापेक्षा जास्त होती, म्हणून त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही बघितलं नाही. ती चूक आमची.

असा फरक दिसला की पहिला हात जातो तो १,९३,८४० रुपयांची एंट्री शोधायला. ती सापडत नाही, कारण तेवढ्या रकमेचं काही घडलेलंच नसतं. फरक हा बऱ्याचदा चार-पाच चुकांची बेरीज-वजाबाकी असतो. काही चुका आपली बाकी वाढवतात, काही कमी करतात, आणि त्या एकमेकींना अर्धवट झाकून टाकतात. आमच्याकडे जूनपासून एक चूक आमची बाकी ३८,९४० रुपयांनी वाढवत होती. ती नसती तर सप्टेंबरचा फरक आणखी मोठा दिसला असता. म्हणून शेवटच्या आकड्याकडे बघायचंच नाही. दोन्ही खाती शेवटची कधी जुळली होती तिथे जायचं आणि तिथून एकेक ओळ पुढे यायचं. आमच्या बाबतीत ती तारीख ३१ मार्च होती, कारण ऑडिटसाठी तेव्हा दोन्ही बाजूंनी लेखी कन्फर्मेशन झालं होतं. सप्लायरकडून उतारा मागतानाही त्या तारखेपासूनचाच मागा. फक्त चालू तिमाहीचा उतारा आला तर त्याची आरंभीची बाकीच चुकीची असू शकते, आणि मग दिवसभर शोधूनही काही हाती लागत नाही.

आधी उतारे एका भाषेत आणा

सप्लायरचा उतारा म्हणजे आपल्या खात्याची आरशातली प्रतिमा. त्यांच्याकडे आपण देणेकरी, म्हणून त्यांचं बिल त्यांच्या पुस्तकात आपल्या नावे पडतं आणि आपल्या पुस्तकात त्यांच्या जमेला. पेमेंटचं याच्या उलट. नवीन मुलं इथे गोंधळतात, म्हणून मी त्यांचा उतारा एक्सेलमध्ये घेतला की रकान्यांची नावंच बदलून टाकते: बिल आणि पेमेंट. आपली डेबिट नोट आणि त्यांची क्रेडिट नोट पेमेंटच्या रकान्यात जातात. आपल्या लेजरचंही तसंच करायचं.

दुसरी अडचण बिल नंबरची. त्यांच्या बिलावर छापलेलं असतं `ST/25-26/0463`. आमच्याकडे एंट्री करणारा कधी पूर्ण नंबर टाकतो, कधी `0463`, कधी नुसता `463`. माणसाला हे एकच दिसतं, एक्सेलला तीन वेगळे दिसतात. म्हणून दोन्ही शीटमध्ये एक रकाना वाढवून शेवटच्या तिरप्या रेघेनंतरचा आकडा तेवढा काढून घ्यायचा. बिल नंबर `B` रकान्यात असेल तर `E` मध्ये हे सूत्र:

```
=VALUE(TRIM(RIGHT(SUBSTITUTE(B2,"/",REPT(" ",50)),50)))
```

मग सप्लायरच्या शीटमध्ये `F` रकान्यात मोजायचं की हा नंबर, याच रकमेसह, आपल्या शीटमध्ये किती वेळा आहे. रक्कम `D` मध्ये आहे आणि आपल्या शीटचं नाव `Ours` आहे असं धरून:

```
=COUNTIFS(Ours!E:E,E2,Ours!D:D,D2)
```

उत्तर ० आलं तर बिल आपल्याकडे नाही किंवा रक्कम वेगळी पडली आहे. १ म्हणजे ठीक. २ म्हणजे आपण तेच बिल दोनदा घेतलं आहे. सूत्र लावण्याआधी दोन्हीकडची रक्कम पूर्ण रुपयात आणा, नाहीतर काही पैशांच्या राउंड ऑफमुळे चांगली बिलं शून्य दाखवत राहतात. आणि फक्त नंबरवर जुळवू नका, रक्कम सोबत हवीच. उताऱ्यात दोन आर्थिक वर्षं आली तर एप्रिलपासून नंबर पुन्हा एकपासून सुरू झालेले असतात, आणि गेल्या वर्षीचं १२० नंबरचं बिल या वर्षीच्या १२० ला जाऊन चिकटतं.

हेच उलट बाजूनेही करायचं, म्हणजे आपल्या शीटवरून त्यांच्या शीटमध्ये बघायचं. आपल्याकडे आहे पण त्यांच्याकडे नाही, अशी ओळ एकाच बाजूने मोजून कधीच दिसत नाही.

पेमेंटना हे सूत्र लावू नका. पन्नास-पन्नास हजारांची तीन पेमेंट असतील तर कोणतं कशाला जुळलं ते कळत नाही. ती बँकेच्या यूटीआर नंबरवरून हाताने जुळवायची. सहा महिन्यांत पंधरा-वीस पेमेंट असतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्याकडे काय निघालं

तपासून झाल्यावर पाच ओळी उरल्या.

बिल ४६३, १६ जूनचं, ३८,९४० रुपये. मोजणीत २ आलं. मेलवर पीडीएफ आली तेव्हा एक एंट्री झाली होती, नुसत्या `463` नंबरने. मालासोबत कागदी प्रत आली तेव्हा पूर्ण नंबरने दुसरी झाली. जूनमध्ये आमची बाकी जास्त का होती, त्याचं उत्तर हे. दुसरी एंट्री रद्द केली. दोन्ही एंट्रीत जीएसटीचं क्रेडिट धरलं गेलं असेल तर तेही तपासावं लागतं. आमच्याकडे रिटर्न भरताना पुस्तकातलं बिल जीएसटी पोर्टलवरच्या २बी शी जुळलं तरच आकडा घेतला जातो, म्हणून तिथे एकदाच धरलं गेलं होतं.

बिल ८७१, २२ ऑगस्टचं, ७३,१६० रुपये. म्हणजे ६२,००० चा माल आणि १८ टक्के जीएसटी ११,१६०. आमच्या पुस्तकात कुठेच नाही. याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

बिल १०९४, ३० सप्टेंबरचं, ५५,४६० रुपये. त्यांनी संध्याकाळी बिल फाडलं, टेम्पो आमच्या गेटवर आला १ ऑक्टोबरला. त्या दिवशी खंडेनवमी होती, मशीनची पूजा चालू असतानाच माल उतरवला, म्हणून गेटवरच्या मामांनाही नीट आठवत होतं. ही चूक नव्हे. माल आणि बिल तिमाहीच्या दोन बाजूंना पडले एवढंच. याला कोणतीही दुरुस्ती करायची नाही, फक्त जुळवणीच्या कागदावर वाटेतला माल म्हणून दाखवायचं.

पेमेंट, १८ जुलैचं, ९०,००० रुपये. आमच्या बँकेतून गेलेलं, त्यांच्या उताऱ्यात नाही.

आमची डेबिट नोट, १४,१६० रुपयांची. काही बार साइजमध्ये बसले नाहीत, परत पाठवले, आम्ही डेबिट नोट टाकली. त्यांनी क्रेडिट नोट काढली नव्हती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली डेबिट नोट ही आपली मागणी असते. जीएसटीत त्यांचा कर कमी होतो तो त्यांनी क्रेडिट नोट काढून रिटर्नमध्ये दाखवल्यावरच. म्हणून नुसती डेबिट नोट मेल करून गप्प बसू नका, क्रेडिट नोटचा नंबर हातात येईपर्यंत ती ओळ उघडी ठेवा.

आता कागदावर मांडणी. आमचे ३,१२,४८०, त्यात राहिलेलं बिल ७३,१६० मिळवलं, दोनदा पडलेलं ३८,९४० वजा केलं, तर आमची खरी बाकी ३,४६,७००. त्यांचे ५,०६,३२०, त्यातून ९०,००० आणि १४,१६० वजा केले, तर त्यांची खरी बाकी ४,०२,१६०. दोघांत उरला फरक ५५,४६०, म्हणजे १ ऑक्टोबरला आलेला टेम्पो. दोन्ही बाजू अशा स्वतंत्र दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या प्रत्येक रुपयाला नाव असलं पाहिजे. उरलेला फरक जर्नल एंट्रीने किरकोळ खर्चात टाकून खातं सरळ करणं मी पाहिलं आहे, आणि त्यानंतर तीच रक्कम पुढच्या तिमाहीत उलट्या चिन्हाने परत आलेलीही पाहिली आहे.

राहिलेलं बिल खरं आहे हे कसं ओळखायचं

उताऱ्यावर बिल आहे म्हणजे ते देणं आहेच असं नाही. सप्लायरकडूनही दुसऱ्याचं बिल आपल्या खात्यात पडू शकतं. म्हणून एंट्री करण्याआधी मी दोन साक्षी घेते.

पहिली साक्ष जीएसटी पोर्टलवरची २बी. सप्लायरने आपल्या जीएसटी नंबरवर जी बिलं दाखवली ती तिथे येतात, आणि महिन्याचं २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. ८७१ ऑगस्टच्या २बी मध्ये होतं. याचा अर्थ त्यांनी ते खरोखर आमच्या नावाने काढलं आणि त्यावरचा कर जाहीर केला. सप्लायर तिमाही रिटर्न भरणारा असेल तर बिल उशिरा दिसू शकतं, तेवढी मुभा द्यायची. पण मासिक रिटर्न भरणाऱ्याचं तीन महिन्यांपूर्वीचं बिल उताऱ्यावर आहे आणि २बी मध्ये नाही, तर आधी बिलाची प्रत मागवा, एंट्री नंतर.

२बी फक्त बिल निघाल्याचं सांगतं. माल आला का, हे ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी साक्ष गेटवरचं आवक रजिस्टर. मी रजिस्टर घेऊन २२ ऑगस्टचं पान उघडलं. गाडीचा नंबर, सप्लायरचं नाव, बिल ८७१, सगळं मामांच्या अक्षरात होतं. स्टोअरमध्ये माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएनही निघाला होता. माल आला होता, वापरलाही गेला होता. फक्त बिल अकाउंट्सपर्यंत पोचलं नव्हतं.

ते मिळालं क्वालिटीच्या निळ्या फाइलमध्ये. ब्राइट बारसोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, आणि सप्लायर ते बिलाच्या मागे स्टेपल करून देतो. स्टोअरवाल्याने सर्टिफिकेट हवं म्हणून पूर्ण गठ्ठा क्वालिटीला दिला. त्यांनी सर्टिफिकेट वर घेऊन फाइल केलं आणि बिल त्याच्या मागे गेलं. गणपती पाच दिवसांवर आले होते, निम्मी माणसं गावी जायच्या गडबडीत, कोणी परत मागितलं नाही. फाइलची पुढची पानं चाळली तेव्हा गेल्या वर्षीचीही दोन बिलं तशीच पिनेत अडकलेली होती. त्यांच्या प्रती आम्ही सप्लायरकडून मागवून एंट्री केली होती, पण मूळ कागद कुठे गेले हे कधी शोधलं नव्हतं. दर तिमाहीला एखादं बिल का राहतं, ते त्या फाइलपाशी कळलं.

८७१ च्या क्रेडिटला मुदत होती. २०२५-२६ च्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर घेता येतं. आम्ही वेळेत होतो. मुदत उलटेपर्यंत पडून राहिलेल्या बिलात करासकट नुकसान होतं.

पेमेंट गेलं, पण बिलाला लागलं नाही

इथे दोन वेगळे आजार एकाच नावाने ओळखले जातात, आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला: पैसे समोरच्याच्या पुस्तकात आपल्या खात्यात आलेच नाहीत. १८ जुलैचे ९०,००० असे होते. मी त्यांच्या अकाउंट्सच्या काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, बघितलं असतं तर दिसलं असतं, आमच्याकडे तुमचं जुलैत काही नाही." मी यूटीआर नंबर वाचून दाखवला. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. तो नंबर त्यांच्या बँक स्टेटमेंटमध्ये टाकून शोधला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. नुसती तारीख आणि रक्कम सांगितली तर अख्खा महिना शोधत बसतात. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला, "सापडलं मॅडम, तुमच्याच नावासारखी चाकणची एक पार्टी आहे, तिच्या खात्यात पडलं होतं." त्यांनी बदल करून नवीन उतारा पाठवला. हा आजार बाकीत दिसतो, म्हणून पकडला जातो.

दुसरा आजार बाकीत दिसतच नाही. १३ जूनला आम्ही १,५०,००० चं एकरकमी पेमेंट केलं होतं आणि एंट्री करताना `On Account` निवडलं गेलं. खात्याची एकूण बाकी बरोबर कमी झाली. पण कोणतं बिल फिटलं हे टॅलीला सांगितलंच नाही, त्यामुळे मे महिन्याची बिलं सप्टेंबरमध्येही थकीत दिसत होती, आणि खाली वेगळी दीड लाखाची नावे रक्कम लोंबकळत होती. एकूण बाकी जुळली म्हणून काम संपलं असं समजणाऱ्याला हे कधीच कळत नाही. ते बघायचं असेल तर खातं न उघडता पार्टीचं `Ledger Outstandings` उघडा. तिथे `On Account` नावाची ओळ असली की पेमेंट बिलाला न लागता पडून आहे.

याचा त्रास खरा आहे. पेमेंट काढणारा माणूस थकीत बिलांच्या यादीवरून पेमेंट काढतो. त्याला ६ मेचं बिल २१४ समोर दिसलं तर तो ते परत भरतो. शिवाय जीएसटीत बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. २१४ चे १८० दिवस २ नोव्हेंबरला भरत होते. जूनमध्ये फिटलेल्या बिलाचं क्रेडिट आम्ही नोव्हेंबरमध्ये उगाच उलटवलं असतं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल असेल तर आयकरातही हाच घोळ होतो, कारण करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे वर्षअखेर थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, आणि ऑडिटर ती याच यादीवरून काढतो.

दुरुस्ती सोपी आहे, नवीन एंट्री लागत नाही. १३ जूनचं पेमेंट व्हाउचर उघडायचं, बिलवाइज तपशिलात `On Account` च्या जागी `Agst Ref` घ्यायचं आणि रक्कम बिलांवर वाटायची. आमच्याकडे बिल २१४ ला ६४,९००, बिल २३१ ला ५१,९२०, आणि उरलेले ३३,१८० बिल २५८ ला गेले. २५८ होतं ७०,८०० चं, म्हणून त्याचे ३७,६२० बाकी दिसू लागले. दीड लाखाचे दीड लाखच राहतात, फक्त त्यांना पत्ता मिळतो. ऑडिट झालेल्या वर्षाचं व्हाउचर असेल तर त्याला हात लावू नका. चालू वर्षात एक जर्नल करून त्याच पार्टीला जमेच्या बाजूला `On Account` आणि नावेच्या बाजूला `Agst Ref` अशी तेवढीच रक्कम घ्या.

वाटणी मनाने करू नका. कोणती बिलं धरून पेमेंट केलं होतं ते सप्लायरला कळवलेल्या मेलमध्ये असतं. तसा मेलच गेला नसेल तर त्यांनी त्यांच्याकडे कोणत्या बिलांना लावलं ते विचारा आणि तसंच लावा. तुम्ही जुन्या बिलाला लावलं आणि त्यांनी नव्या, तर बाकी जुळूनही दर महिन्याला थकबाकीच्या यादीवरून वाद होत राहतो. आमच्या सप्लायरच्या व्याजाच्या दोन डेबिट नोटा केवळ यावरून आल्या होत्या, त्या त्यांनी नंतर मागे घेतल्या.

पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय बदललं

सप्लायरला सांगून टेस्ट सर्टिफिकेट बिलापासून वेगळं करून घेतलं, स्टेपल बंद. मालासोबत आलेलं मूळ बिल आता गेटवरूनच थेट अकाउंट्सच्या ट्रेमध्ये येतं आणि स्टोअरला चलनाची प्रत जाते. जीआरएनवर बिल नंबर लिहिल्याशिवाय स्टोअर तो पुस्तकात चढवत नाही. दर शुक्रवारी, गुरुवारच्या सुट्टीनंतर, मी त्या आठवड्याचे जीआरएन आणि टॅलीतली बिलं समोरासमोर ठेवते. ज्यांच्याकडे माल आला की टॅलीत `Receipt Note` टाकतात, त्यांना हीच यादी `Purchase Bills Pending` मध्ये तयार मिळेल.

बिल एंट्री करताना `Supplier Invoice No.` मध्ये बिलावर छापलेला पूर्ण नंबरच टाकायचा, आणि एंट्री मेलच्या पीडीएफवरून करायची नाही, कागदावरूनच. पेमेंट केलं की त्याच दिवशी सप्लायरला मेल जातो: यूटीआर, रक्कम, आणि प्रत्येक बिलासमोर किती. तो मेल तयार करायचा म्हणजे आधी बिलं निवडावीच लागतात, त्यामुळे `On Account` आपोआप बंद झालं. ॲडव्हान्स दिला असेल तर तो `Advance` म्हणून टाकायचा, `On Account` मध्ये नाही.

बॅलन्स कन्फर्मेशनवर आता मी त्यांचा आकडा जसाच्या तसा सही करून देत नाही. आमच्या बाकीचा आकडा लिहिते आणि फरकाचा कागद जोडते. सप्टेंबरच्या कागदावर त्यांच्या काकांनी दोन ओळींवर खूण करून सही केली, क्रेडिट नोट पुढच्या आठवड्यात आली. डिसेंबरअखेरच्या जुळवणीत एकच ओळ उरली, ३१ डिसेंबरला बिल होऊन २ जानेवारीला आलेला माल.